बाण समेवर येण्यासाठी

माझ्या भाचीने मागच्या पावसाळ्यात एक गाणं केलं. शब्द तिचे, चाल तिची, हार्मोनियम तिची आणि ढोलकीला शेजारचे काका. रेकॉर्डिंग घरच्याच हॉलमध्ये झालं, खिडक्या लावून. गाणं झाल्यावर तिने मला विचारलं, "मामा, हे आपण स्टेपमेनियात घालू या का? मैत्रिणींना नाचायला देते."

स्टेपमेनिया हा तालावर खेळायचा गेम आहे. पडद्यावर खालून वर बाण सरकत येतात. डावा, खालचा, वरचा आणि उजवा असे ते चार. वरच्या बाजूला चार बाणांच्या रिकाम्या आकृत्या स्थिर असतात. सरकणारा बाण त्या आकृतीवर आला की त्याच क्षणी पायाखालच्या पॅडवर किंवा कीबोर्डवर तीच दिशा दाबायची. हा प्रकार 1998 साली जपानच्या कोनामी कंपनीने 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' या नावाने आर्केडमध्ये आणला. स्टेपमेनिया 2001 पासून आहे. तो फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. पुढे 2004 मध्ये 'इन द ग्रूव्ह' नावाचं आर्केड मशीन याच स्टेपमेनियावर उभं राहिलं. घरच्या माणसांसाठी त्याची खरी गंमत अशी, की त्यात एडिटर आहे. आपलं गाणं घालायचं, त्याच्यावर बाण बसवायचे आणि दुसऱ्याला खेळायला द्यायचं. या बाणांच्या मांडणीला चार्ट म्हणतात.

नवशिक्या माणसाला वाटतं, चार्ट म्हणजे बाण बसवणं. मलाही तसंच वाटायचं. प्रत्यक्षात बाण बसवणं हा शेवटचा आणि सोपा भाग आहे. त्याआधी गाण्याखाली वेळेची एक जाळी आखावी लागते. ती जाळी कुठून सुरू होते आणि तिची घरं केवढी, या दोनच गोष्टी चार्टचं भवितव्य ठरवतात. जाळी चुकली तर कितीही कल्पक बाण बसवा, पाय अडखळणारच.

स्टेपमेनियाची चार्ट फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडते. आमच्या गाण्याच्या फाइलची सुरुवात अशी होती:

```
#TITLE:Pavsali;
#MUSIC:pavsali.ogg;
#OFFSET:-1.342;
#BPMS:0.000=96.000;
```

`#BPMS` म्हणजे लय, मिनिटाला किती ठोके ते. काका केरवा वाजवत होते. त्याच्या आठ मात्रा आपण हाताने चार टाळ्या देऊन मोजतो, दर दोन मात्रांना एक. ती एक टाळी म्हणजे इथला एक ठोका. मिनिटाला 96 ठोके, म्हणजे एक ठोका 0.625 सेकंदाचा. गेमच्या हिशेबात चार ठोक्यांचं एक माप होतं. आमच्या दृष्टीने ते केरव्याचं एक पूर्ण आवर्तन, आणि मापाची पहिली ओळ ही सम. तबला-ढोलकी कानावर असलेल्या माणसाला ही मांडणी शिकवावी लागत नाही, फक्त नावं बदलतात.

`#OFFSET` म्हणजे जाळीची सुरुवात. ऑडिओ फाइल सुरू झाल्यापासून पहिली सम किती वेळाने येते, ते इथे सांगायचं. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये ती 1.342 सेकंदांवर होती. इथे उणे चिन्ह का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. स्टेपमेनियात शून्यावा ठोका ऑफसेटच्या उलट चिन्हाच्या वेळी पडतो. पहिली सम फाइल सुरू झाल्यानंतर येत असेल, आणि बहुतेक वेळा ती नंतरच येते, तर आकडा उणे लिहायचा. उणे विसरलं तर जाळी फाइल सुरू व्हायच्या 1.342 सेकंद आधी सुरू होते आणि सगळे बाण 2.684 सेकंद लवकर येतात. एवढी मोठी चूक लगेच कळते, म्हणून ती त्रासदायक नाही. खरा त्रास वीस-तीस मिलिसेकंदांच्या चुकीचा असतो.

एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. स्टेपमेनियाच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये सर्वांत वरची दाद मिळवायला बाण 22.5 मिलिसेकंदांच्या आत दाबावा लागतो, लवकर किंवा उशिरा. 45 पर्यंत दुसरी श्रेणी, 90 पर्यंत तिसरी, 135 पर्यंत चौथी. चार्टच जर 30 मिलिसेकंद सरकलेला असेल, तर तालात पक्क्या असलेल्या खेळाडूला अचूक दाबूनही पहिली श्रेणी मिळत नाही. त्याला वाटतं आपलंच चुकतंय. चूक आपल्या फाइलमध्ये असते.

म्हणून पहिली सम डोळ्यांनी आणि कानांनी, दोन्हीने शोधायची. मी ऑडासिटी हा फुकट मिळणारा प्रोग्राम वापरतो. त्यात आवाजाची लाट दिसते. ती मोठी करत नेली की ढोलकीची थाप डोंगरासारखी उभी राहते. वेळ मोजायची ती लाट सपाटीवरून उठते त्या जागी, शिखरावर नव्हे. शिखर काही मिलिसेकंद नंतर येतं. आणि मोजायची ती ढोलकीवरून. हार्मोनियमचा सूर हळूहळू फुगतो, गाणाऱ्याचा शब्द श्वासातून येतो, त्यांची नेमकी सुरुवात कुठली म्हणावी हे दोन माणसं दोन तऱ्हेने सांगतील. थापेबद्दल असा वाद होत नाही. आमच्या गाण्यात सोबत झांजही होती आणि ती ढोलकीच्या किंचित मागे पडत होती. अशा वेळी एकच वाद्य धरायचं आणि शेवटपर्यंत तेच धरायचं.

मोजण्याआधी एक खबरदारी घ्यायलाच हवी. ऑडिओ फाइल अंतिम स्वरूपात आधी तयार करा. आम्ही पहिल्यांदा एमपी3 वर मोजलं, मग कोणीतरी सांगितलं म्हणून ओजीजी केली आणि सगळे बाण थोडे हलले. एमपी3 तयार करताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता आपोआप भरली जाते. प्रचलित पद्धतीत ती साधारण 25 मिलिसेकंदांची असते. काही प्रोग्राम ती ओळखून काढून टाकतात, काही टाकत नाहीत. त्यामुळे एकाच एमपी3 ची सम दोन प्रोग्राममध्ये दोन ठिकाणी दिसू शकते. ओजीजीला ही अडचण नाही, म्हणून चार्ट करणारे तिलाच पसंती देतात. आणि एकदा मोजून झाल्यावर फाइलला हात लावायचा नाही. पुढची शांतता कापणं, आवाज वाढवून पुन्हा साठवणं, यातलं काहीही केलं तर ऑफसेट पुन्हा तपासावा लागतो.

आता कानाने तपासणं. गेम चालू असताना `F8` दाबलं की तो स्वतः खेळतो आणि `F7` दाबलं की प्रत्येक बाणाच्या जागी एक टिक वाजते. समेवर एकेक बाण ठेवून गाणं लावायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. टिक आणि थाप मिळून एकच आवाज आला तर ऑफसेट बरोबर. टिक आधी आणि थाप मागून असं दुहेरी ऐकू आलं तर जाळी लवकर आहे, उलट असेल तर उशिरा. एडिटरमध्ये `F11` आणि `F12` ने ऑफसेट मागेपुढे करता येतो. पाच-सात मिलिसेकंदांचा फरक दुहेरी आवाज म्हणून वेगळा कळत नाही, पण टिकेचा पोत बदललेला जाणवतो. थाप जास्त टोकदार झाल्यासारखी वाटते. अर्ध्या तासाने कान थकतात. मग उठून चहा घ्यावा आणि परत यावं.

या टिकेची एक मोठी खुबी आहे, आणि ती मला चूक केल्यावर कळली. आधीच्या एका गाण्याच्या वेळी मी टिक न लावता स्वतः खेळून ऑफसेट जुळवला होता. कानाला ब्लूटूथचा हेडफोन होता. ब्लूटूथवरून आवाज पोहोचायला वेळ लागतो, माझ्याकडच्या हेडफोनला साधारण 160 मिलिसेकंद. पडद्यावर बाण वेळेवर येत होता, थाप मात्र मला उशिरा ऐकू येत होती. मी बाण तेवढे मागे ढकलले, सगळं छान जमलं आणि चार्ट वाटून टाकला. ज्यांच्याकडे वायरचे स्पीकर होते त्यांच्यासाठी प्रत्येक बाण 160 मिलिसेकंद उशिरा येऊ लागला. म्हणजे तालात दाबणाऱ्याला चौथी श्रेणीसुद्धा मिळेना. टिक लावली असती तर हे झालं नसतं. टिक आणि गाणं एकाच वाटेने कानाशी येतात. उशीर झालाच तर दोघांनाही सारखाच होतो आणि त्यांच्यातलं अंतर खरं तेवढंच राहतं.

इथे दोन वेगळ्या ऑफसेटमधला फरक लक्षात घ्यायला हवा. एक गाण्याचा, जो चार्टच्या फाइलमध्ये असतो आणि सगळ्यांकडे जातो. दुसरा यंत्राचा, म्हणजे आपल्या टीव्हीचा, स्पीकरचा, पॅडचा मिळून होणारा उशीर. तो गेमच्या सेटिंगमध्ये असतो आणि आपल्याच घरी राहतो. ओळखायची खूण सोपी आहे. सगळीच गाणी सारखीच सरकलेली वाटत असतील तर यंत्राचा ऑफसेट जुळवा. एकच गाणं सरकलेलं असेल तर दोष त्या गाण्याच्या फाइलमध्ये आहे. यंत्राची चूक गाण्याच्या फाइलमध्ये दुरुस्त करणं म्हणजे आपल्या घड्याळाची चूक सगळ्या गावाच्या घड्याळात घालणं.

पहिली सम जुळली, पहिली वीस सेकंदं उत्तम गेली. मग भाची म्हणाली, "मामा, पुढे पुढे बाण आणि ढोलकी वेगवेगळ्या गावाला जातायत."

तिने अगदी नेमकं सांगितलं होतं. ऑफसेट चुकला तर चूक पहिल्या बाणापासून शेवटच्या बाणापर्यंत सारखीच राहते. लयीचा आकडा चुकला तर चूक शून्यापासून सुरू होऊन वाढत जाते. किती वाढते, याचा अंदाज येण्यासाठी एक उदाहरण. तीन मिनिटांचं गाणं नेमकं 120 च्या लयीत आहे आणि आपण 120.1 लिहिलं, फरक फक्त एक दशांश. 120 च्या लयीत तीन मिनिटांत 360 ठोके होतात. 120.1 ने ते 179.85 सेकंदांतच संपतात. शेवटचा बाण 150 मिलिसेकंद लवकर, म्हणजे खेळाडूच्या हिशेबात वाया. म्हणून टाळ्या वाजवून लय काढणं हा फक्त पहिला अंदाज असतो. पक्का आकडा काढायचा तर दोन समा एकमेकींपासून शक्य तितक्या लांबच्या घ्यायच्या, मधले ठोके मोजायचे आणि हे गणित करायचं:

```
BPM = 60 × ठोके ÷ (शेवटची वेळ − पहिली वेळ)
```

लांबचं अंतर का, तर थापेची जागा वाचण्यात आपली पाच मिलिसेकंदांची चूक होणारच. ती चार ठोक्यांवर पसरली तर जाणवते, दोनशे ठोक्यांवर पसरली तर हरवते.

कॉम्प्युटरवर केलेल्या संगीताला एवढं पुरतं, कारण तिथली लय सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच असते. आमच्याकडे काका होते, मेट्रोनोम नव्हता. चांगला वादक अंतऱ्याला किंचित पुढे सरकतो आणि त्यामुळेच गाणं उठतं. गेमला मात्र ते सांगावं लागतं.

मग भाचीने ऑडासिटीत दर आठ आवर्तनांनी, म्हणजे दर 32 ठोक्यांनी, समेवर खूण केली. त्या जागी उभं राहून `Ctrl+B` दाबलं की खुणेचं लेबल पडतं. पहिल्या मिनिटातल्या चार खुणा अशा होत्या: 1.342, 21.342, 41.212 आणि 60.902 सेकंद. पहिल्या दोन खुणांमध्ये बरोबर 20 सेकंद, म्हणजे लय 96. पुढच्या दोन खुणांत 19.87 सेकंद, मग 19.69. काका आठ आवर्तनांमागे थोडे थोडे चढत होते. सरळ 96 च्या जाळीत तिसरी खूण 41.342 वर यायला हवी होती, म्हणजे बाण 130 मिलिसेकंद उशिरा. चौथ्या खुणेशी उशीर 440 मिलिसेकंदांचा, अर्ध्या ठोक्याहून जास्त. भाचीला वेगवेगळी गावं ऐकू येत होती ती इथे.

गणित करून लयीची ओळ अशी झाली:

```
#BPMS:0.000=96.000,32.000=96.628,64.000=97.511;
```

बरोबर चिन्हाच्या डावीकडे ठोक्याचा क्रमांक, उजवीकडे तिथून पुढची लय. 32 व्या ठोक्यापासून 96.628, 64 व्या ठोक्यापासून 97.511. अशी एकेक जोडी वाढवत ती शेवटपर्यंत गेली. पुन्हा टिक लावली, पुन्हा डोळे मिटून ऐकलं. खुणांच्या जागी टिक आणि थाप एकजीव झाल्या होत्या. एका कडव्याच्या मधोमध मात्र टिक मागे राहत होती. तिथे काकांनी आठ आवर्तनांत एकसारखी नव्हे, तर पहिल्या चारांतच लय चढवली होती. त्या तुकड्यात मधे आणखी एक खूण केली आणि काम झालं.

इथे मोह आवरावा लागतो. मग प्रत्येक ठोक्यालाच खूण का करू नये? नका करू. माणसाची थाप प्रत्येक वेळी दहा-बारा मिलिसेकंद इकडे-तिकडे पडतेच. ती लय नव्हे, हाताचा श्वास आहे. प्रत्येक थापेमागे जाळी ओढली तर जाळीच थरथरते, बाणांचा सरकण्याचा वेग सारखा बदलतो आणि खेळणाऱ्याच्या पायाला आधार राहत नाही. माझा नियम असा, की टिक आणि थाप यांत पंधरा मिलिसेकंदांपर्यंत फरक असेल आणि तो पुढे वाढत नसेल, तर हात लावायचा नाही.

जाळी बसली, आता घरं. चार्टच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळ म्हणजे वेळेचा एक क्षण आणि ओळीतले चार आकडे म्हणजे चार बाण: डावा, खालचा, वरचा, उजवा. शून्य म्हणजे बाण नाही, एक म्हणजे बाण. एका मापात किती ओळी लिहिल्या त्यावरून माप तेवढ्या सारख्या भागांत वाटलं जातं. आठ ओळी लिहिल्या की केरव्याच्या आठ मात्रा नेमक्या बसतात. धा गे ना ति न क धि ना असे बोल मनात धरून भाचीने सोप्या पातळीसाठी लिहिलेलं पहिलं आवर्तन असं होतं:

```
1000
0000
0001
0000
0100
0000
0010
1000
,
```

पहिली ओळ धा, डावा बाण, डावा पाय. तिसऱ्या ओळीत ना, उजवा बाण, उजवा पाय. पाचव्यात खाली, तिथे खालचा बाण आणि पुन्हा डावा पाय. सातवी ओळ धि, वरचा बाण, उजवा पाय. आठव्या ओळीतला ना डाव्या पायाने घेऊन आवर्तन संपतं, म्हणून पुढची सम उजव्या पायाची. तिथे `0001` लिहायचं. पाय आलटून पालटून पडले पाहिजेत, एवढं एक पथ्य सांभाळलं तरी चार्ट खेळायला सुखाचा होतो. तिने पहिल्यांदा आठव्या ओळीत उजवा बाण ठेवला होता. त्याने डावा पाय उजव्या पायामागून उजवीकडे न्यावा लागत होता. कठीण पातळीत ती गंमत आहे, सोप्या पातळीत माणूस पडतो.

बाणांचे रंगही जाळीबद्दल बोलतात. नेहमीच्या सजावटीत ठोक्यावरचा बाण लाल आणि दोन ठोक्यांच्या मधला निळा असतो. वरच्या आवर्तनात पहिले चार बाण लाल, शेवटचा निळा. ढोलकीच्या भारी थापा सलग निळ्या दिसू लागल्या तर समजायचं की जाळी अर्धा ठोका सरकली आहे. टिक अशा वेळी फसवते, कारण ती थापेवरच वाजते, फक्त चुकीच्या थापेवर.

ढोलकीची लग्गी सुरू झाली की सोळा ओळींचं माप लागतं. दादऱ्यासारख्या तिनातिनाच्या चालीला बारा. तिथे तीन मात्रांचा मिळून एक ठोका धरायचा, म्हणजे एका मापात दादऱ्याची दोन आवर्तनं नीट बसतात. गेमची सर्वांत बारीक विभागणी म्हणजे एका ठोक्याचे 48 भाग. 48 ला दोन, तीन, चार, सहा, आठ यांनी भाग जातो, पाच आणि सात यांनी जात नाही. म्हणून खंड आणि मिश्र जातीचे बोल, एका ठोक्यात पाच किंवा सात, या जाळीत काटेकोर बसत नाहीत, जवळच्या ओळीवर ठेवावे लागतात. आमच्या 96 च्या लयीत एक भाग 13 मिलिसेकंदांचा आहे. चूक झाली तर जास्तीत जास्त त्याच्या निम्मी, साडेसहा. पहिल्या श्रेणीची मर्यादा 22.5 असल्याने ती चालून जाते.

राहिलं ते बांधून पाठवणं, आणि इथेच बरीच मेहनत वाया जाते. स्टेपमेनिया गाणी तीन पायऱ्यांवर शोधतो. `Songs` फोल्डरच्या आत गाण्यांच्या गठ्ठ्याचं फोल्डर, त्याला पॅक म्हणतात. पॅकच्या आत प्रत्येक गाण्याचं आपलं फोल्डर आणि त्यात त्या गाण्याच्या फाइली:

```
Songs/
  Gharchi-Gani/
    Pavsali/
      pavsali.ogg
      pavsali.sm
      banner.png
      bg.png
```

मधली पायरी गाळून गाण्याचं फोल्डर थेट `Songs` मध्ये टाकलं तर गाणं यादीत येत नाही. झिप उघडताना विंडोज कधी कधी झिपच्या नावाचं आणखी एक फोल्डर तयार करतं, मग एक पायरी वाढते आणि गाणं तरीही येत नाही. म्हणून झिप करताना पॅकचं फोल्डरच झिप करावं आणि उघडल्यावर काय कुठे ठेवायचं ते सोबतच्या दोन ओळींत लिहावं.

दुसरी अडचण नावांची. भाचीच्या फाइलचं नाव `Pavsali.ogg` असं मोठ्या अक्षराने होतं आणि चार्टमध्ये `pavsali.ogg`. विंडोजला दोन्ही एकच, त्यामुळे तिच्याकडे गाणं व्यवस्थित वाजायचं. लिनक्सवर ती दोन वेगळी नावं आहेत. सगळी नावं लहान इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता ठेवली की हा प्रश्न मिटतो. देवनागरी नावं झिपमधून जाताना कधी कधी मोडतात, म्हणून फाइलींना तीही टाळावीत.

तिसरी गोष्ट दोन दिवस आमचं डोकं खाणारी. स्टेपमेनियाचं नवं रूप एडिटरमधून साठवताना `.sm` सोबत `.ssc` नावाची दुसरी फाइलही तयार करतं, आणि दोन्ही असतील तर वाचतं ती `.ssc`. आम्ही नोटपॅडमध्ये `.sm` दुरुस्त करत होतो आणि गेममध्ये काहीच बदलत नव्हतं. बदल दिसत नसेल तर आधी फोल्डरमध्ये `.ssc` आहे का ते पाहा. पाठवण्याआधी `.old` शेवटाच्या जुन्या प्रतीही काढून टाका.

यादीत गाण्यावर आल्यावर वाजणारा तुकडा `#SAMPLESTART` आणि `#SAMPLELENGTH` या दोन ओळींनी ठरतो. ध्रुवपदाची सुरुवात द्या, बारा-पंधरा सेकंद पुरतात. आणि पॅकसोबत ऑफसेट कुठल्या रिवाजाने धरला तेही लिहा. 'इन द ग्रूव्ह' मशीनच्या गाण्यांमध्ये 9 मिलिसेकंदांचा ठरलेला फरक होता, आणि आजही बरेच पॅक तोच धरून बनतात. बाकीचे शून्य धरून बनतात. वरच्या श्रेणीसाठी झटणाऱ्यांना हे नऊ मिलिसेकंद कळतात.

गाणं आपलं स्वतःचं नसेल, तर ऑडिओ फाइल वाटण्याचा हक्क आपल्याला नसतो. तेव्हा फक्त चार्ट आणि चित्रं द्यावीत आणि ऑडिओ ज्याने त्याने आपला आणावा. पण मग एकाच गाण्याच्या दोन प्रतींमध्ये सुरुवातीची शांतता वेगळी असते आणि ऑफसेट पुन्हा ढळतो. त्यासाठी गाणं कुठल्या अल्बममधलं, फाइलची पूर्ण लांबी किती आणि पहिली सम कितव्या सेकंदाला, हे तीन तपशील सोबत द्या. घेणाऱ्याला पंधरा मिनिटांत आपली प्रत जुळवता येते. आमच्या बाबतीत गाणं घरचं होतं. काकांची परवानगी भाचीने रीतसर विचारून घेतली, कारण ढोलकी त्यांची होती.

तुम्ही असं काही करणार असाल तर माझी एकच विनंती. झिप तयार झाली की ती लगेच कोणाला पाठवू नका. हे गाणं कधीच नव्हतं अशा दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती उघडा, वायरचे हेडफोन लावा, `F8` आणि `F7` दाबा आणि गाण्याचं शेवटचं कडवं डोळे मिटून ऐका. टिक आणि थाप तिथेही एकच वाजली, तर खुशाल पाठवा.